पाणीपातळीच्या आलेखाची चौकट: उतार किती दिसायला हवा?

प्रश्न: चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीच्या मे २०१४ ते मे २०२४ च्या नोंदी माझ्याकडे आहेत. वर्षाला चार: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. ग्रामसभेच्या अहवालात आलेख अरुंद रकान्यात टाकला तर पाणी कोसळल्यासारखं दिसतं, आणि तोच पडद्यावर रुंद केला की जवळपास सपाट. आकडे तर तेच आहेत. मग खरा कोणता मानायचा, आणि उंची-रुंदी किती ठेवायची?

उत्तर: दोन्ही खरे आहेत, कारण कागदावर दिसणारा कोन हा पाण्याचा गुण नसतो. पाण्याची गोष्ट आहे ती ‘वर्षाला इतके सेंटिमीटर’ ही. त्या आकड्याचा कोन होतो तो तुम्ही एका मीटरला किती उंची आणि एका वर्षाला किती रुंदी दिली यावरून. म्हणून आधी हा हिशोब एकदा हाताने करून बघा.

सोपे आकडे धरू. मे २०१४ मध्ये पाणी जमिनीपासून १२ मीटर खाली, मे २०१९ मध्ये १४ मीटर, मे २०२४ मध्ये १८ मीटर. म्हणजे दहा वर्षांत ६ मीटर, सरासरी वर्षाला ६० सेंटिमीटर. उभा अक्ष १० ते २० मीटर ठेवला.

अहवालातली चौकट ६ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असेल, तर ६ मीटरची घट ७.२ सेंटिमीटर खाली येते आणि ती ६ सेंटिमीटर रुंदीत होते. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पट्टी ठेवली तर कोन साधारण ५० अंशांचा येतो. पडद्यावरची चौकट ३० रुंद आणि ६ उंच या मापात धरली, तर तीच घट ३.६ सेंटिमीटर खाली आणि ३० सेंटिमीटर आडवी. कोन ७ अंश. विहीर एकच, दर एकच, आणि कोनात सातपट फरक.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. चौकटीला हात न लावता नुसता उभा अक्ष बदलला तरी हेच होतं. त्याच ६ बाय १२ च्या चौकटीत अक्ष ० ते २० केला तर एका मीटरच्या वाट्याला निम्मी उंची येते आणि ५० अंशांचे ३१ होतात. म्हणजे ‘आकार’ आणि ‘अक्षाची सुरुवात’ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एकाच नळाच्या दोन तोट्या आहेत. आकार ठरवण्याआधी अक्ष पक्का करायचा, आणि मग तो हलवायचा नाही. शून्यापासून सुरुवात करायलाच हवी ही सक्ती स्तंभालेखाला आहे, कारण तिथे डोळा स्तंभाची पूर्ण लांबी वाचतो. रेषालेखात तो उतार आणि वळण वाचतो, त्यामुळे अक्ष आकड्यांजवळून सुरू केला तर चालतं. फक्त अक्षावरचे आकडे ठळक हवेत.

आणि माप घ्यायचं ते अक्षांच्या आतल्या चौकटीचं. शीर्षक, खालची वर्षं, बाजूची सूची हे सगळं धरून चित्र १६ बाय ९ दिसत असलं, तरी आतली चौकट १२ बाय ६ सुद्धा असू शकते.

कोणता कोन चांगला, हे कशावरून ठरतं?

एका सरळ रेषेसाठी याला उत्तरच नाही. आलेखाची खरी गरज पडते ती दोन उतारांची तुलना करताना. वरच्या आकड्यांत पहिली पाच वर्षं पाणी वर्षाला ४० सेंटिमीटरने खाली गेलं आणि पुढची पाच वर्षं ८० ने. दर दुप्पट झाला. ग्रामसभेला सांगण्यासारखी बातमी हीच आहे. चौकट अशी हवी की २०१९ चं हे वळण डोळ्याला लगेच सापडावं.

३० बाय ६ च्या चौकटीत हे दोन उतार जवळपास ५ आणि ९ अंशांचे येतात. फरक साडेचार अंश, मागच्या रांगेतून कुणाला दिसणार नाही. ६ बाय १२ मध्ये ३९ आणि ५८ अंश, फरक १९. मग आणखी उंच केलं तर? ४ सेंटिमीटर रुंद आणि २० उंच केली तर ६३ आणि ७६ अंश, फरक पुन्हा १३ च्या आत. फार सपाट चौकटीत सगळ्या रेषा आडव्या होतात, फार उभ्या चौकटीत सगळ्या कड्यासारख्या. दोन्हीकडे दुप्पट दर आणि एकपट दर सारखेच भासतात. फरक सर्वांत मोठा होतो तो दोन्ही उतार ४५ अंशांच्या अलीकडे-पलीकडे असतात तेव्हा. दुपटीच्या दरासाठी ही कमाल साडेएकोणीस अंशांची आहे, त्याहून जास्त कोणत्याही चौकटीत मिळत नाही.

हेच १९८८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं: रेषेच्या तुकड्यांचे उतार ४५ अंशांच्या आसपास येतील अशी चौकट निवडा. सौरडागांचं उदाहरण यासाठी नेहमी दिलं जातं. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रांचा आलेख चौरस काढला तर नुसती दाट सुळक्यांची रांग दिसते. बुटका आणि लांब काढला की कळतं, मोठ्या चक्रांत डाग वाढतात झपाट्याने आणि ओसरतात हळूहळू.

पण ४५ ला धर्मवाक्य मानू नका. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं आढळलं की उतारांचं गुणोत्तर वाचताना होणारी चूक सर्वसाधारणपणे ४५ पाशीच सर्वांत कमी असते असं नाही, आणि डोळ्यासमोर आडवी आधाररेषा असेल तर ती चूक बरीच घटते. मी याचा व्यवहारातला अर्थ असा घेतो: ४५ हा मध्य धरायचा, त्याच्या सपाट बाजूला थोडं सरकायला हरकत नाही, आणि फिक्या आडव्या रेषा आलेखात ठेवायच्याच. त्या शोभेच्या नाहीत, उतार मोजायला नजरेला टेकू देतात.

तुमच्या मे महिन्याच्या आलेखासाठी मी उभा अक्ष ११ ते १९ आणि चौकट चौरस, १२ बाय १२ सेंटिमीटर ठेवेन. त्यात पहिला उतार २७ अंशांचा येतो आणि दुसरा ४५ चा. फरक १८ अंशांहून थोडा जास्त, म्हणजे कमालीच्या अगदी जवळ. शिवाय रेषा उगाच कड्यासारखी होत नाही. कमालीच्या आसपासचा पट्टा चांगला ऐसपैस असतो. एक-दीड अंशाचा फरक सोडून त्या पट्ट्याचं शांत टोक घेणं मला न्यायाचं वाटतं.

चौरसाने एक प्रश्न सुटत नाही

समजा तुमच्या विहिरीत वळण नाही, रेषा सरळ एका दराने घसरतेय. अक्ष आकड्यांपुरतेच ठेवून ४५ चा नियम लावला तर चौकट नेहमी चौरसच येणार. मग घट वर्षाला ६ सेंटिमीटर असो की ६०, चित्र तेच. म्हणजे ‘किती वेगाने’ याचं उत्तर कोणताही आकार एकटा देऊ शकत नाही. ‘आलेखावरून दिसतंच आहे की पाणी भयंकर उतरलं’ असं सभेत कुणी म्हणालं, तर तो कोनावर बोलतोय, विहिरीवर नाही.

यावर माझ्या मते एकच खात्रीचा उपाय आहे: आलेखातच उताराची किल्ली द्या. नकाशावर प्रमाणपट्टी असते तशी. तुमच्या चौकटीत खालचा डावा कोपरा रिकामा राहतो. तिथे २०१५ आणि १५ मीटर या बिंदूपासून दोन बारीक करड्या रेषा काढा. एक २०१८ ला १६.५ मीटरवर संपेल, तिच्या टोकाला लिहा ‘वर्षाला ५० सेंमी’. दुसरी २०१८ ला १८ मीटरवर, तिच्या टोकाला ‘वर्षाला १ मीटर’. एक्सेलमध्ये या दोन बिंदूंच्या दोन जादा मालिका म्हणून टाकता येतात. आता चौकट कुणी कशीही ताणली तरी किल्लीही तेवढीच ताणली जाते, आणि वाचणारा आपली रेषा तिच्याशी समांतर लावून दर ओळखतो. रेषेच्या दोन भागांवर ‘४०’ आणि ‘८०’ हे आकडेही लिहून टाका. जागा अरुंदच असेल आणि चौकट बदलणं हातात नसेल, तर निदान एवढं तरी कराच.

खोलीचा आलेख असल्यामुळे आणखी एक बघा: अक्ष उलटा हवा, ११ वर आणि १९ खाली. एक्सेलमध्ये `Format Axis` मध्ये `Values in reverse order` आहे. तो विसरला तर पाणी खाली जाताना रेषा वर चढते, आणि अर्धी सभा उलटा अर्थ घेऊन घरी जाते.

चारही नोंदी दाखवायच्या तर चौकट पूर्ण वेगळी

मे-मेचा आलेख दहा वर्षांची घसरण सांगतो. पावसाने विहीर किती भरते आणि उन्हाळ्याकडे किती वेगाने उतरते हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला चौरस चौकट चालत नाही. चौरसात दहा वर्षांचे चढ-उतार करवतीच्या दातांसारखे उभे राहतात, सगळे ८० अंशांच्या पुढे.

याही आलेखाची चौकट हिशोबाने काढू. समजा पहिल्या वर्षांत मे ते ऑक्टोबर पाणी ६ मीटर वर येतं, ऑक्टोबर ते जानेवारी २.४ मीटर उतरतं, जानेवारी ते मार्च २ मीटर, मार्च ते मे आणखी २ मीटर. प्रत्येक टप्प्याचा महिन्याचा दर काढा: पाच महिन्यांत ६ म्हणजे १.२, तीन महिन्यांत २.४ म्हणजे ०.८, आणि पुढचे दोन टप्पे १ आणि १. चढ-उताराची चिन्हं सोडून हे दर ओळीने लावले तर मधला, म्हणजे मध्यक, येतो महिन्याला १ मीटर. पुढच्या वर्षांत उतरण थोडी वाढते, पण मध्यक १ च्या आसपासच राहतो. आता सूत्र सोपं आहे: उंची भागिले रुंदी म्हणजे उभ्या अक्षाचा पल्ला, भागिले आडव्या अक्षाचा पल्ला गुणिले मध्यक दर. पल्ला ६ ते १८ मीटर, म्हणजे १२. काळ १२० महिने. १२ भागिले १२० म्हणजे ०.१. रुंदी उंचीच्या दहापट.

ए-फोर पान आडवं धरलं तर २७ सेंटिमीटर रुंद आणि २.७ उंच अशी पट्टी होते. अक्षावरचे आकडे त्यात दाटीने बसतात. त्यापेक्षा दहा वर्षांचे दोन तुकडे करा, पाच-पाच वर्षांच्या दोन पट्ट्या एकाखाली एक, प्रत्येकी २७ रुंद आणि ५.४ उंच. उतार तसेच राहतात, वाचायला जागा मिळते. फक्त दोन्ही पट्ट्यांचा उभा अक्ष एकच हवा. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते प्रत्येक पट्टीला आपला वेगळा अक्ष लावतं आणि दोन काळांची तुलना मोडते.

पायथनमध्ये हे असं:

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt
# t: महिने, d: खोली मीटरमध्ये
s = np.abs(np.diff(d) / np.diff(t))
s = np.median(s[s > 0])
fig, ax = plt.subplots()
ax.plot(t, d, marker="o")
ax.invert_yaxis()
ax.set_box_aspect(np.ptp(d) / (np.ptp(t) * s))
```

यात शून्य उतार वगळलेत. नाहीतर लागोपाठ सारख्या नोंदी खूप असल्या की मध्यकच शून्य होतो आणि भागाकार फुटतो. आर वापरत असाल तर `lattice` मध्ये `aspect = "xy"` दिलं की ते स्वतःच ४५ च्या आसपास चौकट बसवतं. एक्सेलमध्ये आतली चौकट माउसने अंदाजे ओढावी लागते. नेमकं माप हवं तर मॅक्रो, एक सेंटिमीटर म्हणजे २८.३५ पॉइंट धरून. मेच्या १२ बाय १२ च्या आलेखासाठी:

```
With ActiveChart.PlotArea
    .InsideWidth = 340
    .InsideHeight = 340
End With
```

चौकट बरोबर असूनही उतार कुठे खोटे होतात

तुमच्या नोंदींमध्ये सगळ्यात मोठा धोका हा आहे. टप्पे सारखे नाहीत: ३, २, २ आणि ५ महिने. एक्सेलचा साधा `Line` आलेख, खालच्या ओळीत ‘मे १४’, ‘ऑक्टो १४’ असा मजकूर असेल, तर प्रत्येक नोंदीला सारखीच रुंदी देतो. मग पावसाळ्यातला ६ मीटरचा चढ एका घरात, आणि मार्च ते मे ची २ मीटरची उतरणही एका घरात. चढ तिप्पट तीव्र दिसतो. प्रत्यक्षात दर आहेत १.२ आणि १, जेमतेम वीस टक्क्यांचा फरक. ओळखायची खूण: खाली ऑक्टोबर ते जानेवारीचं अंतर आणि मे ते ऑक्टोबरचं अंतर पट्टीने मोजा. सारखं आलं तर आलेख चुकला. नोंदींना खऱ्या तारखा द्या आणि `Axis Type` मध्ये `Date axis` निवडा, किंवा सरळ `Scatter with Straight Lines` घ्या. किल्लीच्या रेषाही त्यातच सोप्या जातात.

`Smooth` मात्र लावू नका. मे आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये तुमच्याकडे नोंदच नाही. पाणी जुलैत चढलं की ऑगस्टच्या शेवटी, हे त्या सरळ तुकड्यात लपलेलं आहे. गुळगुळीत वळण काढलं की न मोजलेल्या महिन्यांचा उतार आपण स्वतः बनवतो. ठिपके दाखवा, म्हणजे कुठे मोजलंय ते वाचणाऱ्याला कळेल.

ठिपक्यांचा आणखी एक उपयोग आहे. आलेख वर्डमध्ये किंवा सादरीकरणात चित्र म्हणून चिकटवल्यावर कुणीतरी जागेत बसावा म्हणून त्याचं बाजूचं टोक धरून ओढतं, आणि केलेला हिशोब तिथेच वाया जातो. असं झालंय का ते ठिपके सांगतात. गोल ठिपके अंडाकृती दिसले, अक्षरं चेपलेली किंवा लांबुळकी दिसली, की समजा चित्र ताणलं गेलंय. ओढायचं तर कोपरा धरून, नाहीतर मूळ आलेखच नव्या मापाने परत काढून.

विहीर कोरडी पडली त्या नोंदींकडेही बघा. तळ १८ मीटरवर असेल आणि शेवटची दोन-तीन वर्षं मे मध्ये पाणीच नसेल, तर नोंदीत १८, १८, १८ येतं आणि रेषा सपाट होते. घसरण थांबल्याचं चित्र उभं राहतं, खरं तर मोजायला पाणी उरलेलं नसतं. तिथे रेषा तोडा आणि पोकळ ठिपक्याने ‘कोरडी’ असं लिहा. मध्यक काढतानाही या नोंदी बाजूला ठेवा.

दुसऱ्या तालुक्याशी तुलना करायचा विचार असेल तर एक अट पाळा. तुमची तापीकाठच्या गाळातली विहीर आणि पारोळ्याकडची काळ्या खडकातली विहीर यांचा वर्षभराचा चढ-उतार वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येकीला आपापली ४५ ची चौकट काढली तर दोन्ही सारख्याच तीव्र दिसतील. नियमाचा अर्थच तो आहे. तुलनेच्या पानावर दोन्हींना एका मीटरला तेवढेच सेंटिमीटर आणि एका वर्षाला तेवढेच सेंटिमीटर द्या. खोलीचे आकडे वेगळे असले तरी हरकत नाही, एकीचा अक्ष ११ ते १९ आणि दुसरीचा ४ ते १२ चालेल, कारण दोन्हीकडे पल्ला ८ मीटरच आहे. मध्यक दोन्ही विहिरींच्या नोंदी एकत्र करून काढा. एक विहीर थोडी सपाट आणि दुसरी थोडी उभी दिसेल, आणि तो फरक खऱ्या दराचा असेल.

अहवालात मी वरच्या पानावर मे महिन्याचा चौरस आलेख किल्लीसकट ठेवेन, खालच्या आडव्या पानावर चार नोंदींच्या दोन पट्ट्या, आणि प्रत्येकाखाली एक ओळ: ‘उभा १ सेंमी = इतके मीटर, आडवा १ सेंमी = इतके महिने’. पडद्यावर दाखवताना सेंटिमीटरची ओळ काढून टाका, कारण तिथे ती खरी राहत नाही. किल्ली मात्र तशीच राहू द्या.